चंपीचं वावरक्षेत्र: पवईच्या काठावर एक कॉलर आणि दोन नकाशे

नकाशा लॅपटॉपवर उघडला आणि सगळ्यात आधी काकूच बोलल्या. "अगं, हे सगळं पाणी कशाला रंगवलंस? आमची चंपी काय पोहत जाते?"

चंपी ही पवई तलावाच्या दक्षिण काठावरच्या आमच्या वसाहतीतली कुत्री. काकू तिला सकाळ-संध्याकाळ खायला घालतात. तिच्या गळ्यात मी ४२ दिवस जीपीएस कॉलर बांधली होती. त्या नोंदींतून मी काढलेल्या पहिल्या नकाशात तलावाचा मोठा तुकडा तिच्या वावरक्षेत्रात दिसत होता. पवई तलावात मगरी आहेत आणि चंपी काठावरच्या चिखलातही पाय घालत नाही, हे वसाहतीतल्या सगळ्यांना माहीत आहे. काकूंचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधताना मला माझं जवळजवळ सगळं काम दुसऱ्यांदा करावं लागलं.

हा खटाटोप रेबीजच्या लसीकरणासाठी होता. वसाहतीतल्या कुत्र्यांना लस देणाऱ्या गटाला दोन गोष्टी हव्या होत्या. इथली कुत्री साधारण किती जागेत फिरतात, आणि विहार तलावाच्या बाजूच्या जंगलात जातात का. दुसरा प्रश्न जास्त नाजूक होता. त्या झाडीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे बिबटे आहेत, आणि कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग रानटी प्राण्यांत जाऊ शकतात. उलट बाजूने पाहिलं तर काठावर रात्री फिरणारं कुत्रं हे बिबट्याचं खाणं आहे.

आधी कॉलरबद्दल. तिचं वजन १८० ग्रॅम होतं आणि चंपीचं १८ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या एक टक्का. ३ फेब्रुवारी २०२३ पासून कॉलर दर अर्ध्या तासाला एक नोंद घेत होती. ४२ दिवसांत २०१६ नोंदी यायला हव्या होत्या, आल्या १८४०. त्यातल्या ४८ मी काढून टाकल्या. नऊ नोंदी तर भर तलावात होत्या: आधीची नोंद काठावर, नंतरचीही काठावर, आणि मधली सातशे मीटर आत पाण्यात. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून सिग्नल आडवळणाने पोहोचला की असं होतं. ही खोट चंपीवरून कळायची वाट न पाहता मी कॉलर बांधण्याआधीच ती एक दिवस दोन इमारतींच्या मधल्या बोळात नुसती ठेवून दिली होती. एकाच जागी ठेवलेल्या कॉलरच्या ४८ नोंदींपैकी निम्म्या २१ मीटरच्या आत होत्या, पण सगळ्यात वाईट नोंद ११५ मीटर दूर. हा २१ चा आकडा पुढे कामी आला. उरल्या १७९२ नोंदी.

मी केलेली पहिली चूक वेळेची होती. कॉलरच्या फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपली साडेपाच तास पुढे. मी ती तशीच वाचली. त्यामुळे चंपी रोज संध्याकाळी साडेपाच ते रात्री साडेदहा तलावाच्या पश्चिम काठावर बसते असं दिसत होतं. माझं काम तपासणाऱ्या सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची एवढी गर्दी असते. कुत्री तिथे पाच तास निवांत बसेल?" साडेपाच तास मिळवल्यावर ती वेळ रात्री अकरा ते पहाटे चार झाली आणि चित्र जुळलं. पश्चिम काठावर खाण्याच्या टपऱ्या आहेत, त्या बंद झाल्या की उरलंसुरलं तिथेच टाकलं जातं. चंपी तिथे जायची ती त्याच्यासाठी.

दुसरी काळजी मात्र मी वेळेवर घेतली. अक्षांश-रेखांश हे अंश असतात, त्यांवर थेट क्षेत्रफळ काढता येत नाही. मुंबईच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे साधारण १०५. अंशांतच गणित केलं तर आकार एका दिशेने ताणला जातो. म्हणून आधी सगळे बिंदू मीटरमधल्या प्रक्षेपणात आणायचे. मुंबई ४३ व्या उत्तर यूटीएम पट्ट्यात येते, त्याचा क्रमांक 32643.

आता पद्धतींकडे येते. वावरक्षेत्राची, म्हणजे होम रेंजची, आजही वापरात असलेली व्याख्या विल्यम बर्ट यांनी १९४३ मध्ये दिली. अन्न शोधणं, जोडीदार मिळवणं, पिलांना वाढवणं अशा नेहमीच्या व्यवहारात प्राणी जेवढ्या जागेत वावरतो ती जागा. त्यांनी हेही स्पष्ट लिहिलं की क्वचित केलेली बाहेरची फेरी त्यात धरू नये. मी हे वाक्य वाचलेलं होतं, पण पहिला नकाशा काढताना मला ते आठवलं नाही.

तो नकाशा किमान बहिर्वक्र बहुभुजाचा होता. सगळे त्याला एमसीपी म्हणतात. १९४७ मध्ये मोर यांनी तो प्राण्यांच्या वावरासाठी मांडला. पाटावर प्रत्येक नोंदीच्या जागी खिळा ठोकावा आणि सगळ्यांच्या बाहेरून दोरी ताणून बांधावी, तसा हा आकार. दोरी कुठेही आत वळत नाही. त्यामुळे पश्चिम काठ आणि दक्षिण काठ यांच्यामध्ये पाणी असलं तरी दोरी पाण्यावरून सरळ जाते. चंपी जाताना काठाकाठाने वळसा घेते, पण वळसा ही गोष्ट या आकाराला कळतच नाही. काकूंनी बोट ठेवलं ते नेमकं इथे.

पाण्यापेक्षा मोठी गडबड दुसरीच होती. दिवसागणिक नोंदी वाढवत मी बहुभुजाचं क्षेत्रफळ मोजत गेले. दहाव्या दिवशी ०.६१ चौरस किलोमीटर, विसाव्या दिवशी ०.८६, एकतिसाव्या दिवशी ०.९४. आलेख सपाट होत चालला होता, म्हणजे तिची नेहमीची जागा आपल्याला कळली असं म्हणायला हरकत नव्हती. बत्तिसाव्या दिवशी तोच आकडा एकदम २.३१ वर गेला.

बत्तिसावा दिवस म्हणजे ६ मार्च, होळी. काकूंना विचारलं तर त्यांना ती रात्र लख्ख आठवत होती. "ढोल वाजायला लागले, पोरांनी फटाके लावले, आणि ही शेपूट घालून पळाली ती पहाटेपर्यंत बेपत्ता. सकाळी आली ती थरथरत होती." कॉलरच्या नोंदीही तेच सांगत होत्या. रात्री आठला ती निघाली, पहाटे साडेचारला परतली. त्या वेळात सतरा नोंदी व्हायला हव्या होत्या, झाडीमुळे अकराच मिळाल्या. त्यातल्या आठ विहारच्या बाजूला झाडीच्या आत होत्या, आणि त्या आठांतल्या सहा एकाच जागेच्या. कुठल्यातरी झाडाखाली ती अंग चोरून बसली असणार.

या अकरा नोंदींनी क्षेत्र अडीचपट कसं केलं ते कागदावरही पडताळता येतं. बहुभुजाची त्या दिशेची बाजू सुमारे १.४४ किलोमीटर लांब होती आणि चंपी तिच्यापासून १.९ किलोमीटर दूर गेली. दोरी त्या नव्या टोकापर्यंत ताणली की जुन्या आकारावर एक त्रिकोण चढतो. १.४४ गुणिले १.९ भागिले दोन, म्हणजे १.३७. जुन्या ०.९४ मध्ये हे मिळवलं की २.३१. वाट एका पायवाटेइतकी अरुंद, पण आकार मात्र पूर्ण त्रिकोण गिळतो.

त्या त्रिकोणाचं टोकाकडचं ०.२४ चौरस किलोमीटर क्षेत्र जंगलाच्या हद्दीत पडत होतं. तेवढ्यावरून "चंपीचं दहा टक्के वावरक्षेत्र जंगलात" असं वाक्य लिहिता आलं असतं, आणि गणित म्हणून ते खोटंही ठरलं नसतं. प्रत्यक्षात १७९२ पैकी आठ नोंदी जंगलातल्या होत्या, अर्धा टक्काही नाही, आणि त्याही एकाच रात्रीच्या, भीतीने पळालेल्या. असं वाक्य एखाद्या बैठकीत वाचलं गेलं तर वसाहतीतल्या कुत्र्यांचं काय होईल, याची मला खरोखर धास्ती वाटली.

यावरचा रूढ उपाय ९५ टक्के एमसीपी. सर्वांत दूरच्या पाच टक्के नोंदी गाळायच्या आणि उरलेल्यांभोवती दोरी बांधायची. मी तसं केलं. होळीची रात्र गेली, क्षेत्र ०.६६ वर आलं आणि मला हायसं वाटलं. दोन दिवसांनी सहज म्हणून गाळलेल्या नोंदी नकाशावर टाकून पाहिल्या तेव्हा तो आनंद मावळला.

"सर्वांत दूरच्या" म्हणजे कशापासून दूर? मी वापरलेल्या adehabitatHR या R भाषेतल्या संचात सगळ्या नोंदींच्या सरासरी बिंदूपासून. चंपीच्या नोंदी अशा वाटलेल्या होत्या: १३३३ वसाहतीत, ३५८ पश्चिम काठावर, ९० मधल्या वाटेवर आणि ११ होळीच्या. वसाहतीचा मध्य आणि पश्चिम काठाचा अड्डा यांच्यात सुमारे ९०० मीटर अंतर. त्यामुळे सरासरी बिंदू वसाहतीपासून २०० मीटरवर, पश्चिमेच्या दिशेने, पाण्यात पडला. चंपी जिथे कधीच नव्हती अशी ही जागा. तिथून वसाहतीच्या पलीकडच्या टोकाची नोंद फार तर ५०० मीटर दूर, पण पश्चिम अड्ड्याचा मध्यच ७०० मीटर दूर. गाळायच्या होत्या ९० नोंदी. अकरा होळीच्या गेल्या आणि उरलेल्या ७९ सगळ्या पश्चिम काठाच्या. वसाहतीतली एकही गेली नाही. ३५८ मधल्या ७९, म्हणजे पाचातली एक जास्तच, आणि त्याही अड्ड्याच्या बाहेरच्या कडेच्या, झाडीला सर्वांत जवळच्या.

बिबट्याशी गाठ पडण्याची शक्यता असलेली नेमकी तीच जागा आणि तीच वेळ. "बाहेरची फेरी" काढायला गेले आणि रोज रात्रीचा नेम कापून बसले. दोन अड्डे असलेल्या प्राण्याच्या बाबतीत पाच टक्के गाळण्याआधी गाळलेले बिंदू नकाशावर पाहायलाच हवेत. हे पाहायला पाच मिनिटं लागतात. ९५ हा आकडा सोयीसाठी ठरलेला आहे, त्याच्यामागे जीवशास्त्र नाही.

मग कर्नल घनतेकडे, म्हणजे केडीईकडे, वळले. प्राण्यांच्या वावरासाठी ही पद्धत १९८९ मध्ये वर्टन यांनी रुळवली. कल्पना करा की नकाशावर प्रत्येक नोंदीच्या जागी रांगोळीची एक चिमूट सोडली. चिमूट मध्ये दाट, कडेला विरळ. जिथे नोंदी जास्त तिथे रांगोळीचा ढीग उंच होतो. मग ढिगाच्या सर्वांत दाट भागापासून सुरुवात करून एकूण रांगोळीतली ९५ टक्के ज्यात मावते ती कड आखायची. दोरीला फक्त बाहेरचे खिळे दिसतात, रांगोळीला प्रत्येक नोंद मोजावी लागते. म्हणूनच होळीच्या अकरा नोंदी कुणी हाताने न काढताही ९५ टक्क्यांच्या कडेबाहेर राहिल्या. १.९ किलोमीटरभर पसरलेली अकरा चिमूट रांगोळी, तिची उंची ती काय असणार.

सगळा प्रश्न चिमूट किती पसरवायची याचा. या पसाऱ्याला बँडविड्थ म्हणतात, सूत्रात `h`. संच काही न सांगता जो `h` घेतो तो `href`. त्याचं सूत्र सोपं आहे:

```
h = sigma * n^(-1/6)
sigma = sqrt( (sx^2 + sy^2) / 2 )
```

`sx` आणि `sy` म्हणजे दोन दिशांतला नोंदींचा विखुरलेपणा. चंपीसाठी ते ३८० आणि १५५ मीटर आले, त्यामुळे `sigma` २९० मीटर. १७९२ चं सहावं मूळ सुमारे ३.४८. भागाकार केला की `h` ८३ मीटर. आणि आज्ञा एवढ्याच:

```r
library(sf); library(adehabitatHR)
p  <- st_as_sf(d, coords = c("lon", "lat"), crs = 4326)
p  <- as(st_transform(p, 32643), "Spatial")[, "id"]
mcp.area(p, percent = c(95, 100), unout = "km2")
ud <- kernelUD(p, h = "href", grid = 600)
kernel.area(ud, percent = c(50, 95), unout = "km2")
```

यातला `grid = 600` मी नंतर घातला. न सांगता तो ६० असतो, आणि संच नोंदींच्या व्याप्तीच्या तिप्पट रुंदीची चौकट घेतो. होळीच्या फेरीमुळे माझी व्याप्ती २.६ किलोमीटर झाली होती, म्हणजे चौकट ७.८ किलोमीटर आणि तिचे ६० भाग. एक चौकोन १३० मीटरचा! ८३ मीटरची चिमूट १३० मीटरच्या चौकोनात मोजत होते. कड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसली तेव्हा संशय आला. ६०० भाग केल्यावर चौकोन १३ मीटरचा झाला आणि कड गुळगुळीत.

या `h` ने ९५ टक्के क्षेत्र ०.७० चौरस किलोमीटर आलं, आणि वावराचा गाभा मानतात ते ५० टक्के क्षेत्र ०.१३. गाभा पूर्णपणे वसाहतीत होता, पश्चिम काठाचा त्यात मागमूस नव्हता. हे चूक नाही. ती तीन चतुर्थांश वेळ वसाहतीत असते, त्यामुळे निम्मी रांगोळी तिथल्या ढिगातच मावते. पण गाभ्याचा नकाशा पाहून "रात्री कुठे जाते" याचं उत्तर कुणी शोधलं तर ते मिळणार नाही.

आकडा एमसीपीच्या जवळपासच आला, मग फरक काय, असं वाटेल. मलाही वाटलं. म्हणून `h` बदलून पाहिला, आणि तिथे या पद्धतीचा खरा स्वभाव कळला.

८३ मीटर हा `h` नोंदी एकाच गोल ढिगासारख्या असतील असं गृहीत धरून निघतो. चंपीचे ढीग दोन. त्यांच्यातलं ९०० मीटरचं अंतर `sigma` मध्ये मिसळतं आणि `h` फुगतो. प्रत्येक अड्ड्यातला स्वतःचा विखुरलेपणा तर ११० मीटरच्या आसपास होता. म्हणून मी `h` हाताने ४० मीटर ठेवला. कॉलरची बोळातली चूक २१ मीटर होती, त्याच्या खाली जाण्यात अर्थ नव्हता. क्षेत्र ०.५१ वर आलं, काठाची वाट अरुंद पट्टी म्हणून सुटी दिसू लागली, पाण्यावरचा ओघळ बराच कमी झाला. देखणा नकाशा. फक्त विहारच्या बाजूला, बाकी सगळ्यापासून तुटलेला, एक छोटा ठिपका उगवला होता. होळीच्या रात्री ती ज्या झाडाखाली बसली ती जागा. सहा चिमटी एकाच ठिकाणी, आणि चिमूट आता इतकी आखूड की त्यांचा ढीग ९५ टक्क्यांच्या उंबरठ्यावर चढला. `h` लहान करत गेलं की प्राण्याची प्रत्येक विश्रांती वावरक्षेत्र होऊ लागते.

`h` आपोआप निवडणारी दुसरी पद्धत, `LSCV`, मी चालवून पाहिली. ती उत्तरापर्यंत पोहोचलीच नाही. चंपी दुपारभर एकाच जिन्याखाली झोपते, शेकडो नोंदी जवळजवळ एकावर एक असतात, आणि अशा नोंदी या पद्धतीला `h` जमेल तितका लहान करायला ढकलतात. दाट जीपीएस नोंदींत हे नेहमीचंच. संच तशी सूचना देतो, ती नजरेआड करून आलेला आकडा वापरू नये.

दुसऱ्या बाजूने सरांचा आक्षेप होता. "तुझ्या १७९२ नोंदी म्हणजे १७९२ स्वतंत्र माहिती नव्हे. दुपारी दोनला जिन्याखाली असलेली कुत्री अडीचला तिथेच असणार, हे न मोजताही सांगता येतं." सूत्रातला `n` मोठा की `h` लहान, आणि माझा `n` खोटा मोठा होता. चंपीला एका अड्ड्यावरून दुसऱ्यावर जाऊन आपल्या सगळ्या जागेत पुन्हा फिरायला साधारण सहा तास लागतात असं धरलं, तर ४२ दिवसांत स्वतंत्र म्हणाव्या अशा नोंदी १६८ च भरतात. `n` च्या जागी १६८ घातले की `h` १२४ मीटर आणि क्षेत्र ०.९७. हे माझं हातचं ढोबळ गणित. ते नीट करायची पद्धत फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडली, आणि `ctmm` या संचात ती मिळते. नोंदींचा आपसातला कालसंबंध त्यात आधी मोजला जातो, मग चिमूट ठरते.

म्हणजे दोन चुका उलट दिशांना ओढत होत्या. दोन ढिगांमुळे `h` फुगत होता, परावलंबी नोंदींमुळे आक्रसत होता. ८३ हा आकडा मध्ये पडला तो कुठल्या शहाणपणाने नव्हे, योगायोगाने. त्याच नोंदी, तीच कुत्री, आणि क्षेत्र ०.५१ पासून ०.९७ पर्यंत काहीही. केडीईचा आकडा सोबत `h` न लिहिता छापलेला दिसला की आता मी तो वाचून सोडून देते. एमसीपीची या बाबतीत एक जमेची बाजू आहे, ती मान्य करायला हवी. तिच्यात निवडण्यासारखं काही नसतं, त्यामुळे त्याच नोंदी घेऊन कुणीही काढली तरी १०० टक्के एमसीपी एकच येते. जुन्या अभ्यासांशी ताडून पाहायला म्हणूनच ती अजून दिली जाते. पण तिथेही नोंदींची संख्या सारखी हवी. नोंदी वाढल्या की दोरी फक्त बाहेर सरकते, आत कधीच येत नाही.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींना जमत नाही. २००९ मध्ये विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलर लावलेला आजोबा हा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे आला. त्या प्रवासाच्या नोंदींभोवती दोरी बांधा की रांगोळी घाला, येणारा आकार वावरक्षेत्र नसतो, कारण तो प्राणी तेव्हा कुठे राहतच नव्हता, जात होता. क्षेत्र सपाट होतंय का हा दिवसागणिक आलेख आधी पाहायचा तो यासाठी. चंपीचा आलेख होळीपर्यंत सपाट होत होता म्हणूनच पुढचं सगळं करण्यात अर्थ होता.

पाणी अजून उरलंच होतं. ८३ मीटरच्या चिमटीने काठावरच्या नोंदींची रांगोळी पाण्यावरही सांडते. ०.७० पैकी ०.११ चौरस किलोमीटर तलावात होतं. तलावाचा आकार कात्रीने कापून टाकला की ०.५९ उरतं, पण मग आत ९५ टक्के रांगोळी उरत नाही, काही पाण्याबरोबर गेलेली असते. संचात सीमा सांगायची सोय आहे, मात्र सीमेचा प्रत्येक सरळ तुकडा `h` च्या तिपटीहून लांब हवा, म्हणजे इथे सुमारे २५० मीटर. पवईच्या वेड्यावाकड्या काठावर ते जमेना. शेवटी साधा मार्ग धरला. पाण्यातल्या सगळ्या चौकोनांची घनता शून्य केली, उरलेल्या चौकोनांची बेरीज पुन्हा एक होईल असा भागाकार केला आणि ९५ टक्क्यांची कड नव्याने काढली. जमिनीवरचं क्षेत्र ०.६१ चौरस किलोमीटर. हा नकाशा काकूंना दाखवला. त्यांनी बोटाने काठाची वाट धरून वसाहतीपासून टपऱ्यांपर्यंत नेली आणि म्हणाल्या, "हां, ही आमची चंपी."

गटाला दिलेल्या टिपणात मी क्षेत्र ०.६१ लिहिलं, `h` ८३ मीटर लिहिला, आणि पाणी वगळण्याआधीचा ०.७० हा आकडा `h` बदलल्यास ०.५१ ते ०.९७ होतो हेही लिहिलं. १०० टक्के एमसीपी होळीआधीची आणि नंतरची अशी दोन्ही दिली, तारखेसह. जंगलाच्या प्रश्नाला क्षेत्रफळाने उत्तर दिलंच नाही. तिथे सरळ नोंदी मोजल्या: ४२ रात्रींपैकी एका रात्री, आठ नोंदी, कारण होळीचा आवाज. आणि पश्चिम काठाबद्दल: रोज सरासरी साडेआठ नोंदी, म्हणजे सव्वाचार तास, रात्री अकरा ते पहाटे चार.

हे सगळं एकाच कुत्रीचं, कोरड्या ऋतूतल्या सहा आठवड्यांचं आहे. पावसाळ्यात टपऱ्या उठतात, काठ बदलतो, तेव्हा हा नकाशा चालणार नाही. गटाने टिपण वाचून लसीकरणाची दुसरी फेरी रात्री साडेअकराला पश्चिम काठावर ठेवली. दिवसा वसाहतीत कधीच न दिसलेली सात कुत्री त्या रात्री तिथे सापडली. त्यातल्या एका कुत्र्याच्या गळ्यात आता तीच कॉलर आहे.